रात्रीची उतरली म्हणता, पण रक्तातून गेली का? समजून घ्या लिव्हरचा हिशेब आणि ३० मिलिग्रॅमचा कायदा

टेंभुर्णी : उसाचा हंगाम सुरू झाला की उजनीकाठच्या गावांत दिवस पहाटे चारला उजाडतो. कंदर, वांगी, चिखलठाण, केत्तूर, वाशिंबे, कोणत्याही गावात जा, ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज कोंबड्याच्या आधी ऐकू येतो. दोन ट्रॉल्या भरलेल्या, मागे रिफ्लेक्टर असला तर असला, आणि गाडी थेट कारखान्याच्या रस्त्याला. काही जणांना त्यासाठी भीमानगर-टेंभुर्णीचा पुणे-सोलापूर हायवेही ओलांडावा लागतो. ड्रायव्हर रात्री थोडी घेऊन झोपलेला असतो. पहाटे उठतो, तोंड धुतो, चहा पितो आणि स्टेअरिंगवर बसतो. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं : "रात्रीची होती, कवाच उतरली."

उतरली म्हणजे काय झालं? डोकं हलकं झालं, चाल सरळ झाली, बोलणं नीट झालं. पण पोलिसाचं यंत्र चाल बघत नाही, रक्तातली दारू बघतं. नशा उतरणं आणि रक्तातली दारू संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींमध्ये कित्येक तासांचं अंतर असू शकतं. ते अंतर कसं मोजायचं, हे कळलं की पहाटेच्या गाडीचा प्रश्नही कळतो.

३० चा आकडा म्हणजे काय?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. या कलमानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणं हा गुन्हा आहे. मोटारसायकल, कार, टेम्पो, ट्रॅक्टर, सगळ्यांना एकच नियम. "ट्रॅक्टर शेतीचा आहे, त्याला कुठं कायदा" असं पारावर बोललं जातं, पण ट्रॅक्टरही मोटार वाहनच आहे.

३० मिलिग्रॅम म्हणजे किती? शाळूचा एक दाणा हातात घ्या. त्याचं वजन साधारण तेवढंच भरतं. हॉटेलातला चहाचा छोटा कप भरून रक्त घेतलं आणि त्यात शाळूच्या एका दाण्याच्या वजनाएवढं अल्कोहोल निघालं, की माणूस कायद्याच्या काठावर आला. एवढ्या लहान मापावर हा कायदा उभा आहे, कारण मेंदूला एवढंसंही जाणवतं.

पहिल्यांदा पकडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड वाढून एवढा झाला. शिवाय दारूच्या अमलाखाली गाडी ठोकली तर आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा कंपनी नाकारते. पॉलिसीच्या कागदावर ही अट बारीक अक्षरात छापलेली असते. हप्त्यावर घेतलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं ती आधी वाचलेली बरी.

पोटातून रक्तात

भाकरी पचायला वेळ लागतो, दारूला पचवावं लागतच नाही. ती पाण्यात सहज मिसळते, त्यामुळे थोडी जठरातून आणि बाकी बरीचशी लहान आतड्यातून जशीच्या तशी रक्तात उतरते. उपाशीपोटी घेतली तर अर्ध्या-पाऊण तासात ती रक्तात शिगेला पोचते. जेवून घेतली तर जठराचं दार उशिरा उघडतं, दारू हळूहळू आतड्यात सरकते आणि शिगेला पोचायला दीड-दोन तासही लागतात.

इथं एक फसगत होते. ढाब्यावर शेवटचा पेग घेऊन गडी उठतो तेव्हा त्याला ठीक वाटत असतं, कारण शेवटची दारू अजून पोटातच असते. अर्ध्या तासानं तो गावाच्या वळणावर असतो तेव्हा आकडा ढाब्यावरच्या आकड्यापेक्षा जास्त झालेला असतो. "निघताना तर बरा होता" असं मागाहून सोबतचे सांगतात. तेही खोटं बोलत नसतात.

लिव्हर म्हणजे ठरलेल्या गाळपाचा कारखाना

रक्तात गेलेली दारू बाहेर कशी पडते? थोडीशी श्वासातून, लघवीतून आणि घामातून जाते. तोंडाला वास येतो तो याच्यामुळे. पण हा वाटा अगदी लहान. शंभरातले नव्वद किंवा त्याहून जास्त भाग लिव्हरलाच निकामी करावे लागतात.

लिव्हरमध्ये हे काम दोन टप्प्यांत चालतं. पहिल्या टप्प्यात एक एन्झाइम अल्कोहोलचं रूपांतर अॅसिटाल्डिहाइड नावाच्या पदार्थात करतं. हा पदार्थ मूळ दारूपेक्षा जास्त विषारी असतो. मळमळ, तोंड लाल होणं, छातीत धडधड यामागे त्याचा हात असतो. दुसऱ्या टप्प्यात दुसरं एन्झाइम त्याचं अॅसिटेट बनवतं. हे व्हिनेगरच्या जातीचं, निरुपद्रवी. पुढे त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन ते शरीराबाहेर जातं.

खरी गोम पहिल्या टप्प्यात आहे. आपल्याकडच्या वाचकाला ती कारखान्यावरून लगेच कळेल. समजा कारखान्याची गाळप क्षमता दिवसाला पाच हजार टन आहे. यार्डात पाच हजार टन ऊस आला तरी तेवढाच गाळला जाईल आणि पंधरा हजार टन आला तरी तेवढाच. गव्हाणीत ऊस पडायचा वेग ठरलेला असतो. गाड्या वाढल्या म्हणून मिल जोरात फिरत नाही, रांग वाढते. हॉर्न वाजवला, वॉचमनशी भांडलं, तरी नंबर यायचा तेव्हाच येतो.

लिव्हरचं तसंच आहे. एक-दीड पेगच्या पुढे दारू गेली की एन्झाइमची पूर्ण क्षमता वापरात येते. मग रक्तात कितीही दारू असो, ती ताशी ठरलेल्या वेगानंच कमी होते. बहुतेक माणसांत हा वेग १०० मिलिलिटर रक्तामागे ताशी १५ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. काहींचा १०, काहींचा २०. औषधाच्या गोळीसारखं "जास्त घेतली तर जास्त वेगानं जाईल" असं दारूत होत नाही. जास्त घेतली तर रांग लांबते, एवढंच.

एका ड्रायव्हरचा हिशेब

आता समजा, वजन ७० किलो असलेला एक ट्रॅक्टर ड्रायव्हर आहे. रात्री ९ वाजता मित्रासोबत बसला. ११ पर्यंत त्यानं १८० मिलिलिटरच्या दोन कॉर्टर संपवल्या. जेवला, झोपला. पहाटे ५ वाजता त्याला ऊस घेऊन निघायचंय. त्याच्या रक्तात काय असेल?

आधी एका कॉर्टरमध्ये शुद्ध अल्कोहोल किती, ते काढू. इंग्लिश दारूच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. १८० मिलिलिटरचे ४२.८ टक्के म्हणजे सुमारे ७७ मिलिलिटर. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याचं वजन सुमारे ६० ग्रॅम भरतं.

हे ६० ग्रॅम अंगभर पसरतं, पण सगळीकडे सारखं नाही. चरबीत आणि हाडात ते फारसं शिरत नाही, पाणी असेल तिथं जातं. म्हणून ७० किलोच्या पुरुषात हिशेबासाठी सुमारे ४८ किलो धरतात. ६० ग्रॅम म्हणजे ६० हजार मिलिग्रॅम. त्याला ४८ नं भागलं की किलोमागे १,२५० मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ढोबळमानानं १२५. एका कॉर्टरचे १२५, दोन कॉर्टरचे २५०.

लिव्हरनं काम रात्री ९ लाच सुरू केलं असं धरू. पहाटे ५ पर्यंत ८ तास झाले. ताशी १५ प्रमाणे १२० कमी झाले. २५० मधून १२० वजा केले की उरतात १३०.

मर्यादा ३०, रक्तात १३०. म्हणजे सहा तास झोपून, तोंड धुऊन, चहा पिऊन स्टेअरिंगवर बसलेला हा माणूस कायद्याच्या मर्यादेच्या चौपटीहून वर आहे. त्याचं लिव्हर जोरात चालणारं असेल, ताशी २० च्या वेगानं, तरी ९० उरतात, मर्यादेच्या तिप्पट. नेहमीच्या वेगानं त्याचा आकडा ३० वर यायला रात्री ९ पासून साडेचौदा तासांच्या वर लागतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारचे पावणेबारा. रक्त पूर्ण साफ व्हायला पावणेदोन. तोवर एखादी खेप करून तो दुसऱ्या खेपेच्या रांगेत लागलेला असतो.

एकच कॉर्टर घेतली असती तर? १२५ मधून १२० वजा, पहाटे ५ ला जवळजवळ काही उरलं नसतं. पण हे नेहमीच्या वेगाचं गणित. लिव्हर हळू चालणारं, ताशी १० चं असेल, तर ४५ उरतात आणि तो पुन्हा मर्यादेच्या वर. आपलं लिव्हर कोणत्या वेगाचं आहे, हे बाहेरून कुणालाच कळत नाही.

माणूस किरकोळ असेल तर गणित आणखी बिघडतं. ५० किलोच्या मजुराच्या अंगात तीच एक कॉर्टर १७५ च्या वर आकडा नेते. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या पुरुषापेक्षा तिच्या रक्तात आकडा जास्त येतो. "आम्ही फक्त बियर घेतो" म्हणणाऱ्यांनीही बाटली वाचावी. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ४० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असतं, म्हणजे कॉर्टरचा दोन तृतीयांश भाग. आणि हातभट्टीच्या फुग्यावर लेबलच नसतं. त्यात किती टक्के आहे ते पाडणाऱ्यालाही माहीत नसतं, त्यामुळे तिचा हिशेबच मांडता येत नाही.

हे आकडे ढोबळ आहेत. जेवण, तब्येत आणि पिण्याचा वेग यानुसार ते थोडे खाली-वर होतात. म्हणून "माझं २८ बसतंय, निघू का" असं ठरवायला हे गणित वापरू नये. पहाटे गाडी काढायची नाही हे कळायला ते पुरेसं आहे.

लिंबू, ताक, अंघोळ आणि उलटी

उतारा म्हणून गावोगाव बरेच उपाय चालतात. लिंबू पिळून पाणी, आंबट ताक, कडक कॉफी, डोक्यावर गार पाणी. यातल्या एकानंही लिव्हरचा वेग वाढत नाही. कॉफीनं झोप उडते, म्हणजे झोपाळू पिलेल्या माणसाचा जागा पिलेला माणूस होतो. उलट त्याला वाटतं की आपण आता ठीक आहोत आणि तो किल्ली मागतो. गार पाण्यानं अंग शिरशिरतं, रक्तातला आकडा तसाच राहतो. उलटी झाली तर पोटात राहिलेली दारू बाहेर येते, पण रक्तात गेलेली माघारी येत नाही. झोपेत लिव्हर जास्त काम करतं हाही गैरसमज आहे. जागे असा की झोपलेले, वेग तोच.

सरावलेल्या माणसाची गोष्ट वेगळी आणि जास्त धोक्याची. रोज पिणाऱ्याच्या मेंदूला सवय होते. १०० च्या वर आकडा असताना तो सरळ चालतो, नीट बोलतो, हिशेबही करतो. लोक म्हणतात, "त्याला चढतच नाही." चढत नाही ती दिसण्यापुरती. अचानक बैलगाडी आडवी आली तर ब्रेकवर पाय पडायला लागणारा वेळ सवयीनं परत मिळत नाही. बरीच वर्षं पिणाऱ्याचं लिव्हर काही काळ थोडं जास्त वेगानं दारू जाळतं हे खरं, पण त्याच काळात ते आतून बिघडत असतं. दारूच्या गाळपात गुंतलेलं लिव्हर चरबी जाळायचं काम मागे ठेवतं आणि ती चरबी त्याच्यातच साठते. पुढे सूज, मग लिव्हर कडक होणं. तिथं पोचल्यावर वेग पुन्हा घसरतो. ज्याला "पूर्वी पचायची, आता थोड्यात चढते" असं वाटायला लागलं, त्यानं डॉक्टरकडून लिव्हरची रक्ततपासणी करून घ्यावी.

यंत्राला वास नाही, वाफ लागते

नाक्यावर पोलीस यंत्रात फुंकायला लावतात, ते ब्रेथ अॅनालायझर. वेलदोडा, कांदा, पान, गुटखा खाऊन वास मारता येतो, पण यंत्राला वासाशी देणंघेणं नसतं. फुप्फुसात रक्त आणि हवा शेजारी येतात, तेव्हा रक्तातलं अल्कोहोल वाफ होऊन हवेत येतं. किती रक्तामागे किती वाफ, हे प्रमाण साधारण ठरलेलं आहे. खोल श्वासाच्या २,१०० मिलिलिटर हवेत जेवढं अल्कोहोल, तेवढंच १ मिलिलिटर रक्तात, असं धरून यंत्र आकडा दाखवतं. म्हणून लांब आणि जोरात फुंकायला सांगतात. वरवरची तोंडातली हवा नको, तळातली हवी असते.

यंत्र चुकतं ते एका कारणानं. तोंडातच दारू असेल, म्हणजे नुकताच घोट घेतलाय, ढेकर किंवा उलटी झालीय, किंवा अल्कोहोल असलेल्या औषधानं चूळ भरलीय, तर आकडा खोटा वाढतो. पंधरा-वीस मिनिटांत ही तोंडातली दारू निघून जाते आणि पुन्हा फुंकल्यावर खरा आकडा येतो. ज्यानं घेतलेलीच नाही त्यानं घाबरून पळू नये. थोड्या वेळानं पुन्हा चाचणी घ्या असं शांतपणे म्हणावं, नवी नळी लावायला सांगावी. रक्त तपासणीचीही तरतूद कायद्यात आहे. कलम १८५ खाली अटक झाली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते, नाहीतर त्या माणसाला कोठडीतून सोडावं लागतं. हे दोन तास कायद्यात का लिहिले असावेत, ते लिव्हरचा वेग माहीत असणाऱ्याला लगेच उमगेल. उशीर झाला की पुरावा ताशी १५ नं वितळतो.

पुण्याच्या प्रकरणानं काय दाखवलं

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे कारनं मोटारसायकलला धडक दिली आणि दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती होती आणि त्याआधी तो पबमध्ये होता, असं पोलिसांचं म्हणणं. धडक पहाटे अडीचच्या सुमारास झाली. ससून रुग्णालयात त्याचं रक्त घेतलं गेलं ते सकाळी अकराच्या सुमारास.

मधे आठ तासांच्या वर वेळ गेला. ८ गुणिले १५ म्हणजे १२०. अपघाताच्या वेळी कुणाच्याही रक्तात १२० असेल, कायद्याच्या चौपट, तर एवढ्या उशिरा घेतलेल्या नमुन्यात ते शून्याजवळ आलेलं असू शकतं. नमुना अगदी खरा असला तरी अहवाल "अल्कोहोल नाही" असा येऊ शकतो.

इथं तर नमुन्यावरच प्रश्न आला. मुलाचं रक्त फेकून देऊन दुसऱ्याचं रक्त पाठवलं, असा आरोप पोलिसांनी ठेवला. दुसऱ्या सरकारी रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी डीएनए जुळला नाही तेव्हा हे बाहेर आलं, असं पोलिसांनी सांगितलं. त्याच महिन्यात ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. खरं-खोटं ठरवायचं काम न्यायालयाचं आहे.

उशिरा घेतलेल्या नमुन्यावरून तज्ज्ञ मागे मोजत जातात. सकाळी १० वाजता ४० सापडले आणि अपघात पहाटे ४ चा असेल, तर सहा तासांचे ९० मिळवून तेव्हा १३० च्या आसपास असावेत, असं. पण वेग १० धरला तर १०० येतात आणि २० धरला तर १६०. शिवाय नमुन्यात काहीच सापडलं नाही तर मागे मोजायला आधारच राहत नाही. बचावाचा वकील नेमकं इथं बोट ठेवतो. म्हणून ज्याच्या घरचा माणूस दुसऱ्याच्या गाडीखाली गेलाय, त्या कुटुंबानं दवाखान्याच्या धावपळीतही एक गोष्ट विचारावी : समोरच्या चालकाचं रक्त किती वाजता घेतलं? आणि ती वेळ कागदावर आहे का?

नमुना घेण्याची रीतही माहीत असावी. सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटच्या कापसानं पुसायची नाही, कारण स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच. रक्त साध्या नळीत ठेवायचं नाही, त्यात सोडियम फ्लोराइड लागतं. ते नसेल तर आपल्याकडच्या उन्हात रक्तातले जंतू कामाला लागतात आणि नळीतलं अल्कोहोल वाढू किंवा घटू शकतं. बाटलीला सील, त्यावर नाव, तारीख आणि वेळ, आणि मग न्यायवैद्यक प्रयोगशाळा. यातला एक दुवा जरी सुटला तरी पुढे न्यायालयात तो अहवाल टिकेलच असं नाही.

३० च का? शून्य का नाही, १०० का नाही?

१९८८ चा कायदा झाला तेव्हा त्यात "कितीही थोडं अल्कोहोल" असेच शब्द होते. १९९४ च्या दुरुस्तीत ३० मिलिग्रॅमची रेघ आली. रेघ असण्याचा फायदा असा की अंदाज संपतो. डोळे लाल होते, बोलणं अडखळत होतं, यावर वाद घालता येतो, आकड्यावर तेवढा घालता येत नाही. खोकल्याच्या औषधातलं चिमूटभर अल्कोहोल किंवा यंत्राची बारीक चूक यात साधा माणूस अडकू नये, एवढी जागा ३० मध्ये राहते. इंग्लंडमध्ये ही रेघ ८० वर आहे, युरोपातल्या बऱ्याच देशांत ५० वर, स्वीडनमध्ये २० वर.

रेघ कुठं ओढायची, याला मोजमापाचा आधार आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकात ग्रँड रॅपिड्स शहरात रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी अपघात झालेल्या हजारो चालकांचा श्वास तपासला आणि तशाच ठिकाणी, तशाच वेळी बिनअपघाताचे जाणाऱ्या हजारो चालकांचाही. दोन्ही शेजारी ठेवल्यावर रक्तातला आकडा वाढतो तसा धोका कसा चढतो ते दिसलं. पुढच्या अभ्यासांत ५० ला धोका न पिलेल्यापेक्षा जवळपास दीडपट, ८० ला अडीचपटीच्या वर आणि १०० ला पाचपटीच्या घरात आला. १५० ला तो वीसपटीच्या पुढे जातो. चढ सुरुवातीला मंद आणि पुढे घाटासारखा उभा.

आपल्या रस्त्यावर त्याचा अर्थ असा. ताशी ६० नं जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सतरा मीटरच्या आसपास जाते. दारूमुळे ब्रेकवर पाय पडायला फक्त अर्धा सेकंद उशीर झाला तरी गाडी आठ मीटर पुढे जाते, म्हणजे जवळपास एका भरल्या ट्रॉलीच्या लांबीपेक्षा जास्त. अंधारात बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली समोर असेल तर ते आठ मीटर शिल्लक नसतात. समोरच्या गाडीच्या उजेडानं दिपलेले डोळे पुन्हा जुळवून घ्यायलाही पिलेल्याला जास्त वेळ लागतो. तो वेळ डोळे झाकून गाडी चालवण्यासारखाच.

पाण्यावर कलम १८५ नाही, पण लिव्हर तेच

कलम १८५ मोटार वाहनाला लागतं, होडीला नाही. पण उजनीच्या पाण्यात पहाटे जाळी काढायला जाणाऱ्या माणसाच्या रक्तातही रात्रीची दारू त्याच ताशी १५ नं कमी होत असते. होडीत उभं राहून जाळं ओढताना सगळा खेळ तोलाचा असतो आणि दारू तोल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागावर लवकर बसते. शिवाय दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल होतात. माणसाला ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर जात असते. हिवाळ्यात गार पाण्यात पडल्यावर असा माणूस लवकर गारठतो. रस्त्यावर निदान पोलीस अडवतो, पाण्यावर अडवायला कुणी नसतं.

घरच्यांनी लक्षात ठेवायचा हिशेब

बाटली किती आणि सुरुवात किती वाजता, एवढ्या दोन गोष्टी पुरतात. ७० किलोच्या माणसानं एक कॉर्टर घेतली तर सुरुवातीपासून साडेबारा तास गाडी नको. त्यात हळू चालणारं लिव्हरही बसतं. दोन कॉर्टर घेतल्या तर पूर्ण २४ तास. म्हणजे रात्री ९ ला बसलेल्यानं एकीनंतर सकाळी साडेनऊपर्यंत आणि दोहोंनंतर दुसऱ्या रात्री ९ पर्यंत किल्लीला हात लावायचा नाही. माणूस किरकोळ असेल किंवा बाटली हातभट्टीची असेल तर त्याहून जास्त.

पहाटेची खेप चुकली तर कारखान्यावर नंबर मागे जातो, टोळीचा मुकादम ओरडतो, दिवसाचा हिशेब बिघडतो. हे सगळं खरं आहे. म्हणून खेप कुणाची हे आदल्या संध्याकाळी, बाटली उघडायच्या आधी ठरवावं. पहाटे चारला ते ठरवायला बसलात तर समोरचा गडी एवढंच सांगणार : "कवाच उतरली."